तेरा दिवसांचा फरक

पत्र: सर, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. मुलगा सहावीत, जन्म १९ डिसेंबर २०१३ चा. बॉल त्याच्या पायाला चिकटलेला असतो असं सगळं गाव म्हणतं. गावच्या स्पर्धेत तोच कॅप्टन. पण जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्याच फेरीत बाद केला, नंतर एका निवासी अकादमीच्या ट्रायललाही तेच. दोन्हीकडे एकच उत्तर, ‘खेळ चांगला आहे, अंगानं कमी पडतो.’ मला वाटते वशिल्याची पोरं घेऊन राहिले. माझे दीर म्हणतात, दाखल्यावर १ जानेवारी २०१४ करून घेऊ, ओळखीचा माणूस आहे, तेरा दिवसांनं काय होते! मालकांचं म्हणणं, फुटबॉल सोडून अभ्यासाला लावा. पोरगा विचारते, ‘आई, मी लहान आहे म्हणून घेत नाहीत का?’ काय सांगू? — एक आई

उत्तर:

ताई, तुमच्या दीरांचं एक वाक्य मला फार आवडलं: तेरा दिवसांनं काय होते. फुटबॉलमध्ये तेरा दिवसांनी अख्खं वर्ष होतं, आणि सगळी गोष्ट तिथंच आहे.

वयोगटाची रेघ आपल्याकडे १ जानेवारीला ओढलेली असते. २०१३ साली जन्मलेली सगळी पोरं कागदावर एका वयाची. आता २०१३ च्या ८ जानेवारीला जन्मलेलं एखादं पोर धरा आणि तुमचा मुलगा धरा. ऑगस्ट २०२५ मधल्या ट्रायलला पहिला बारा वर्षं सात महिन्यांचा असतो, तुमचा अकरा वर्षं आठ महिन्यांचाही पुरता नसतो. तुमच्या-माझ्या वयात अकरा महिन्यांनी फरक पडत नाही. पण अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा तो बारावा भाग आहे. या वयात पोरं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दोघं अगदी सारख्या बांध्याचे असले तरी मोठा दोन-तीन बोटं उंच आणि काही किलो वजनदार निघणार. शिवाय दोघांनी सहाव्या वर्षी बॉलला पाय लावला असं धरलं, तर मोठ्याच्या पायाखालून वर्षभराचा बॉल जास्त गेलेला.

आता ट्रायलचं मैदान डोळ्यापुढं आणा. सकाळी सातला शंभर पोरं रांगेत, छातीवर नंबर, निवडायला दोन-तीन माणसं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या मॅचेस, मैदान मोठ्यांचं, बॉल पाच नंबरचा. अशा मैदानावर कोण दिसतं? ज्याची किक अर्ध्या रेषेपलीकडे जाते तो. धक्का लागला तरी जो पडत नाही तो. तुमच्या मुलानं बॉल घेऊन मान वर केली, मोकळा साथीदार हेरला, दहा मीटरचा नेमका पास दिला, हे त्याच पंधरा मिनिटांत झालेलं असतं. पण तो पास निवडणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. लांब किक भरते.

हे मी दुसऱ्यांना दोष द्यायला लिहीत नाही. मी वीसेक वर्षं शाळेत पीटी शिकवली. संघ निवडायचा म्हटलं की पहिली आरोळी माझीच असायची, ‘उंच पोरं पुढं या.’ त्यात वशिला नव्हता, घाई होती. म्हणून तुमच्या वशिल्याच्या संशयावर एवढंच म्हणतो: असेलही, मी तिथं नव्हतो. पण वशिला शून्य असला तरी जवळपास हीच यादी लागली असती.

आता कोणी म्हणेल, जानेवारीतली पोरं मुळातच काटक असतील, थंडीतला जन्म, ग्रहमान वगैरे. याचा निकाल बेल्जियममध्ये आपोआप लागून गेला. तिथं फुटबॉलच्या वयोगटाची रेघ आधी १ ऑगस्टला होती, आणि निवडलेल्या पोरांत ऑगस्ट-सप्टेंबरची गर्दी असायची. १९९७ साली रेघ १ जानेवारीला नेली. संशोधक वेर्नर हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलाच्या आधीची आणि नंतरची पोरं तपासली. गर्दी जानेवारी ते मार्चकडे सरकली होती आणि ऑगस्टवाल्यांचं पारडं हलकं झालं होतं. पोरं तीच, देश तोच, हवामान तेच, फक्त रेघ हलली होती. जपानमध्ये वर्ष एप्रिलला सुरू होतं, तिथं एप्रिल ते जूनची पोरं जास्त दिसतात. इंग्लंडमध्ये रेघ सप्टेंबरला, तिथं सप्टेंबर ते नोव्हेंबरची. तेव्हा मुलाची पत्रिका कुणाला दाखवायची गरज नाही, स्पर्धेच्या परिपत्रकातली तारीख पाहा.

आणि पहिल्या निवडीपाशी हे थांबत नाही, तीच खरी अडचण आहे. निवडलेल्या पोराला कोच मिळतो, आठवड्याला चार दिवस सराव मिळतो, बरे बूट आणि तोडीस तोड सोबती मिळतात. वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर दोन वर्षांत तीनशेवीस सत्रं झाली. राहिलेला तोवर शेताच्या धुऱ्यावर एकटा बॉल मारत असतो. दोन वर्षांनी दोघांना पुन्हा समोरासमोर उभं केलं की मोठा खरंच चांगला खेळतो. मग निवडणारा म्हणतो, बघा, आपण बरोबर ओळखलं होतं! सुरुवातीचा फरक वयाचा होता, आता तो खेळाचा झाला.

एक गोष्ट मात्र तुमच्याच पत्रात आहे. गावात तो कॅप्टन, जिल्ह्यात पहिल्या फेरीत बाद. जन्ममहिन्याच्या या परिणामाची ही अगदी ओळखीची खूण आहे. चौदा जागांना पंधरा पोरं आली तर महिना कोणता यानं काही बिघडत नाही, जवळपास सगळेच खेळतात. जागा वीस आणि पोरं शंभर झाली की महिना बोलू लागतो. मुलींच्या फुटबॉलमध्ये हा परिणाम सहसा कमी दिसतो, त्याचं एक कारण तिथं अजून तेवढी गर्दी नाही हे आहे.

खात्री करायची असेल तर स्वतः मोजा. गेल्या दोन-तीन वर्षांत निवडल्या गेलेल्या पोरांच्या जन्मतारखा शाळेच्या सरांकडून मिळवा, कारण प्रवेशिकेवर त्या लिहिलेल्या असतात. जानेवारी-मार्च, एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर असे चार रकाने पाडा. वीस पोरांत प्रत्येक रकान्यात पाचच्या आसपास हवीत. पहिल्यात दहा आणि शेवटच्यात एक निघालं, तर काय चाललंय ते कळलं. फक्त एका यादीवरून निकाल लावू नका, वीस पोरांत योगायोगही असतो. तीन-चार याद्या एकत्र करा. आणि आपल्याकडची एक खोड लक्षात ठेवा: १ जून. पूर्वी शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लावून मोकळे व्हायचे. तुमच्या मुलाच्या वयाची पोरं बहुतेक दवाखान्यात जन्मलेली आहेत, तरी यादीत १ जून दोन-चारदा दिसली तर ती पोरं बाजूला ठेवून मोजा.

आता दीरांच्या उपायाकडे येतो, कारण त्याचा मोह मला कळतो. २०२५-२६ च्या शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील गटाची तारीख १ जानेवारी २०१२ होती. म्हणजे तुमचा पोरगा नुसत्या जानेवारी २०१३ वाल्यांशी नाही, २०१२ च्या जानेवारीत जन्मलेल्यांशीही खेळला. ते ऑगस्टमध्ये साडेतेरा ओलांडलेले असतात, आणि पोरांची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती सरासरीनं त्याच सुमारास, तेरा-चौदाच्या मध्ये. तेवीस महिन्यांचा फरक आणि वर तो झपाटा. २०२६ च्या मोसमात रेघ २०१३ वर येते. ते तुमच्या मुलाचं या गटातलं वरचं वर्ष, आणि शेवटचंही. १ जानेवारी २०१४ ला जन्मलेल्याला मात्र २०२७ चं आणखी एक वर्ष मिळतं, तेही गटातला सगळ्यात थोरला म्हणून. दीर तेरा दिवस म्हणतात ते हे वर्ष आहे.

तरीही नाही म्हणतो. वय तपासायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, त्याला टीडब्ल्यू-३ म्हणतात. खोटं सांगत नाही, या तपासणीत तुमचा मुलगा बहुधा पकडला जाणार नाही. एक्स-रे हाडं किती पिकली ते सांगतो, जन्मतारीख सांगत नाही. लहानखुऱ्या पोराची हाडं मागेच असतात. उलट लवकर वाढलेलं प्रामाणिक पोर त्यात कधी कधी अडकतं. फसगत होते ती कागदावर. ग्रामपंचायतीची किंवा दवाखान्याची जन्मनोंद, आधार, शाळेचं जनरल रजिस्टर, टीसी, पुढं दहावीची सनद, जात पडताळणी, पासपोर्ट. यांतला एक कागद बदलला की बाकीचे सगळे त्याच्याशी भांडतात. फुटबॉल चार-सहा वर्षांचा, पण जात पडताळणीच्या खिडकीवर दोन जन्मतारखा घेऊन उभं राहणं पुढं फार महागात पडतं. खोट्या तारखेवर खेळला हे उघड झालं तर तो स्पर्धेतून जातोच, त्याच्यामुळं शाळेचा संघही बाद होऊ शकतो. आणि पोराला वर्षभर खोटी जन्मतारीख पाठ करायला लावाल का?

मालकांच्या म्हणण्यावर मी भांडणार नाही, अभ्यास हवाच. पण ‘दोनदा निवड झाली नाही म्हणजे याच्यात नाही’ हा हिशेब चुकीचा आहे, कारण त्या दोन्ही दिवशी मोजलं गेलं ते बरंचसं त्याचं वय होतं.

इथं एक गाठ सोडवायला हवी. जन्माचा महिना वेगळा आणि अंगाची वाढ वेगळी. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन पोरांपैकी एकाला बाराव्या वर्षी मिसरूड फुटू लागते, दुसऱ्याला पंधराव्या. वाढीच्या बाबतीत दोघांत तीन वर्षांचं अंतर पडू शकतं, म्हणजे महिन्याच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त. डिसेंबरचं पोर लवकर वाढणारंही असू शकतं. तुमचा कोणता, हे कोचच्या नजरेनं नाही, भिंतीवर कळेल.

दर तीन महिन्यांनी, सकाळी, चपला काढून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून त्याला उभा करा. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा, खाली पेन्सिलीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. मोजताना टेप तोच आणि माणूसही तोच असू द्या. तीन महिन्यांत सव्वा-दीड सेंटिमीटर भरलं तर ती पोरपणाची चाल, झपाटा अजून यायचाय. दोन-अडीच सेंटिमीटर भरू लागलं आणि पुढच्या मोजणीतही तसंच आलं, तर तो सुरू झाला. एकाच मोजणीवर जाऊ नका, अर्ध्या सेंटिमीटरची चूक हातूनच होते. झपाट्यात मुलं वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढतात. आधी पाय लांबतात, धड मागून येतं. त्या महिन्यांत पायाला चिकटणारा बॉल अचानक निसटायला लागला, पोरगा बावळटासारखा धडपडू लागला तर रागावू नका, शरीराला नवी लांबी कळायला वेळ लागतो. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखत असेल तर धावणं-उड्या कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. त्या अवस्थेत झालेली ट्रायल धरूच नका. यात तुमची आणि मालकांची उंचीही पाहा. दोघंही उशिरा वाढलेले असाल, ‘मी तर दहावीनंतर उंच झालो’ असं मालक म्हणत असतील, तर पोराचंही तसंच व्हायचा संभव बराच आहे.

सरावात आधी बॉल बदला. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, चार नंबरचा ३५० ते ३९० चा आणि घेरानंही लहान. बारा वर्षांपर्यंत चारच योग्य. तालुक्याच्या दुकानात पाचच टांगलेला असतो म्हणून आपल्याकडे आठ वर्षांचं पोरही तोच लाथाडतं. सांगून मागवून घ्या. मैदान लहान करा, पाच-पाच जण खेळवा. लहानखुऱ्या पोराची कमाई धक्का लागण्याच्या आधी होते. बॉल यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागं पाहायचं, आणि पहिल्याच स्पर्शात बॉल मोकळ्या बाजूला ढकलायचा. हे धुऱ्यावर एकट्यानं होत नाही, मागून कोणीतरी यावं लागतं. थोरल्या पोरांत खेळू द्या, पण रोज नाही. रोज मार खाऊन तो नुसता बॉल टाकून मोकळा व्हायला शिकेल. आठवड्यातून एखाददिवस त्याच्याहून लहान किंवा त्याच्या अंगाच्या पोरांत खेळवा, म्हणजे बॉल घेऊन पुढं जायची हिंमत टिकेल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी २०१५ पासून अशा स्पर्धा घेऊन पाहिल्या, वयाऐवजी वाढीप्रमाणे गट पाडून. आपल्याकडं त्यासाठी मशीन नको, सरांनी महिन्यातून एकदा पोरांना उंचीप्रमाणे उभं करून दोन गट पाडले तरी काम भागतं.

हे सरांसाठी आणि गावोगावी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांसाठीही लिहितो. निवडणाऱ्याला ‘वयाचं भान ठेवा’ असं नुसतं सांगून भागत नाही. नेदरलँड्समध्ये हे करून पाहिलंय, २०१७ मध्ये त्याचा लेख आला. पोरं हेरणाऱ्या जाणत्या माणसांना मॅच दाखवली. काहींना वयाची माहिती दिली नाही, त्यांचा कल मोठ्यांकडे गेला. काहींच्या हातात जन्मतारखांचा कागद दिला, तरी कल तसाच राहिला. तिसऱ्यांना सांगितलं की जर्सीचे नंबर वयाच्या क्रमानं लावलेत. तिथं तो कल गेला. कागद खिशात राहतो, नंबर मैदानावर डोळ्यासमोर पळत असतो. याला एक पैसा लागत नाही. पुढच्या ट्रायलला नंबर वाटताना आल्या क्रमानं देऊ नका. थोरल्याला एक, सगळ्यात धाकट्याला शेवटचा, आणि निवडणाऱ्यांना ते आधी सांगा. मग एकोणचाळीस नंबरच्यानं चार नंबरच्याकडून बॉल काढून घेतला की त्याचा अर्थ त्यांना आपोआप लागेल.

तुम्हीही सरांना भेटा, पण तक्रार घेऊन नको. भिंतीवरची मोजमापं वहीत उतरवून न्या. ‘निवड नाही केली तरी चालेल, पण जिल्ह्याच्या सरावाला राखीव म्हणून येऊ देता का, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहता का?’ एवढंच विचारा. बहुतेक सर याला हो म्हणतात, कारण त्यांना यादी बदलावी लागत नाही. आणि तुम्हाला हवा तो सराव मिळून जातो.

पुढची वर्षं अशी धरा, परिपत्रकातली तारीख दरसाल वाचून. २०२६ हे चौदाखालचं त्याचं वरचं वर्ष, ट्रायल द्यायची ती तेव्हा. २०२७ मध्ये तो सतराखाली जाईल, आणि तिथं रेघ २०११ ची असेल. तो तेराचा आणि समोर सोळाचे, ओठावर मिशा असलेले. त्या वर्षी आणि २०२८ मध्ये निवड झाली नाही तर कोणी काही समजू नये, ही दोन वर्षं फक्त खेळत राहायची आहेत. २०२९ ला तो पुन्हा गटाच्या वरच्या वर्षात येतो, आणि तोवर झपाटाही बहुधा येऊन गेलेला असेल. त्या वर्षीच्या ट्रायलचा निकाल मात्र गांभीर्यानं घ्या. त्यानंतरही कमी पडला, तर तो खेळातच कमी पडला असेल. तेही होतं, डिसेंबरचं प्रत्येक पोर काही हिरा नसतं.

हॅरी केनचं नाव मुलाला माहीत असेल. त्याचा जन्म २८ जुलैचा, म्हणजे इंग्लंडच्या सप्टेंबरच्या रेघेनं तो वर्षाच्या शेपटीचा. आर्सेनलनं त्याला लहानपणीच सोडून दिलं होतं, पुढं इंग्लंडसाठी सर्वाधिक गोल त्यानंच केले. पण हे नाव जपून वापरा. केन आपल्याला दिसतो, कारण तो टिकला. शेपटीची जी पोरं बाराव्या वर्षी बूट काढून घरी बसली, त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत.

मुलानं विचारलंय, लहान आहे म्हणून घेत नाहीत का. हो म्हणा. मग कॅलेंडर काढा, २०१३ च्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत त्याचं बोट फिरवा आणि त्याच्या वर्गातली, संघातली पोरं कुठं बसतात ते त्यालाच मांडू द्या. नंतर त्याला भिंतीपाशी उभा करून पहिली रेघ मारा.